पाणी ठीक

शिरोलीच्या एका फाउंड्रीतून फोन आला तेव्हा मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीन होते. आम्ही भट्ट्यांच्या कंट्रोल पॅनेलचं सॉफ्टवेअर बनवायचो. विजेच्या भट्टीत लोखंड वितळत असताना तिच्या तांब्याच्या कॉइलमधून सतत थंड पाणी फिरवावं लागतं, नाहीतर कॉइल फुटून स्फोट होऊ शकतो. त्या दिवशी पंप बंद पडला होता. पाइप तापलेला एका कामगाराच्या लक्षात आला आणि त्यानं वीज तोडली, म्हणून निभावलं. पण आमच्या स्क्रीनवर शेवटपर्यंत हिरव्या अक्षरांत ‘पाणी ठीक’ असंच होतं.

असं का झालं ते शोधायचं काम आमच्या साहेबांनी माझ्याकडे दिलं. कोड उघडला आणि पहिल्यांदा शिसारी आली ती तिथंच. ‘पाणी ठीक’ ही अक्षरं कुणीतरी नुसती रंगवून ठेवली होती. त्यांचा सेन्सरशी काही संबंधच नव्हता. हेडर फाइलमध्ये, म्हणजे फंक्शनांच्या नावांच्या यादीत, मात्र पाण्याचा प्रवाह तपासणाऱ्या फंक्शनचं नाव नीट लिहिलेलं होतं. वाटलं, कुणीतरी ते बोलवायचं विसरलं असेल. मी मुख्य लूपमध्ये ते फंक्शन बोलावलं आणि बिल्ड लावला, म्हणजे सगळा प्रोग्रॅम नव्यानं बांधायला घेतला.

सगळ्या फाइली बिनतक्रार कंपाइल झाल्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरल्या. शेवटी त्यांना एकत्र जोडणारा लिंकर अडला: अनडिफाइन्ड रेफरन्स, आणि पुढं त्याच फंक्शनचं नाव.

माझे सीनियर शेजारीच भडंग खात बसले होते. तेलकट बोटांनी माझा कीबोर्ड ओढून घेत म्हणाले, “एवढ्याला काय डोकं लावत बसलीस? रिकामं फंक्शन लिही, आत रिटर्न ट्रू टाक. गप बसतंय बघ.”

“सर, मग पाणी बंद पडलं तरी ते ठीकच म्हणणार की.”

“आत्ता तरी काय म्हणतंय?” ते हसले. कीबोर्डवर तिखटाचे डाग पडले होते. मी ते पुसले, पण कळकट वाटत राहिलं ते कीबोर्डमुळं नव्हे.

लिंकरचं म्हणणं साधं होतं. हेडरमध्ये नाव दिसलं की असं फंक्शन कुठंतरी आहे यावर कंपायलर विश्वास ठेवतो. ते खरोखर कुठं आहे हे शोधायचं काम लिंकरचं, आणि त्याला ते सापडत नव्हतं. मी सगळं फोल्डर धुंडाळलं. फंक्शन होतं! सेन्सर वाचणारी, प्रवाह कमी झाला की भोंगा वाजवणारी पूर्ण फाइल तिथं पडून होती. फक्त मेकफाइलमधल्या, कंपाइल करायच्या फाइलींच्या यादीत तिचं नाव नव्हतं. म्हणून ती कधी कंपाइलच होत नव्हती.

मी यादीत नाव घातलं. आता कंपायलर तिच्यावर ओरडला. एक अर्धविराम राहिला होता, आणि एका स्ट्रक्टचं, म्हणजे माहितीच्या साच्याचं, नाव बाकी सगळीकडं केव्हाच बदललं होतं, इथं जुनंच होतं. दोन्ही दुरुस्त केलं आणि लिंक झालं. टेबलावर सेन्सरची वायर काढून बघितली. भोंगा वाजला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या अर्धविरामाचा अर्थ आता लक्षात आला. अर्धविराम राहिलेली फाइल एकदाही कंपाइल झालेली असणं शक्य नव्हतं. आजवर ते फंक्शन कुणी बोलावलंच नव्हतं, म्हणून लिंकरनंही कधी तक्रार केली नव्हती. म्हणजे आम्ही विकलेल्या एकाही पॅनेलमध्ये ही तपासणी नव्हती.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. “हे बघ, पुढच्या अपडेटमध्ये सगळ्यांना घालून टाकू. बोलायचं कशाला? शिरोलीला सांग, सेन्सर खराब होता.”

मी जायला वळले. त्यांच्या केबिनमध्ये आमच्या पॅनेलचं मोठं पोस्टर होतं. त्यावरच्या स्क्रीनवरही तीच हिरवी अक्षरं होती.

शिरोलीला मी एकटीच गेले. फाउंड्रीचे मालक साठी ओलांडलेले, जैन घरातले. नवं सॉफ्टवेअर घातलं, पंप बंद करायला लावला, भोंगा वाजला. त्यांनी विचारलं, “मग आदी का वाजला न्हाय? सेन्सर गेलता व्हय?”

“सेन्सर चांगला आहे, काका. पाणी बघणारा भाग आम्ही कधी घातलाच नव्हता. स्क्रीनवर नुसतं लिहिलं होतं.”

त्यांनी पॅनेलवर बोट ठेवलं. “आनि कुटं कुटं दिलाय ह्यो डबा?”

“बऱ्याच ठिकाणी.”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच एकेका ओळखीच्या फाउंड्रीवाल्याला फोन लावायला सुरुवात केली. “पाण्यावर मानूस उभा कर. त्या स्क्रीनवर जाऊ नको.”

मी ऑफिसात पोचेपर्यंत साहेबांना फाउंड्रीवाल्यांचे फोन सुरू झाले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं, सीनियर दारात उभे राहून ऐकत होते. पण त्याच आठवड्यात आम्हाला गटागटानं बाहेर पाठवलं. गोकुळ शिरगाव, पेठ वडगाव, इचलकरंजी, जिथं जिथं पॅनेल होती तिथं. प्रत्येक ठिकाणी भोंगा वाजवून दाखवावा लागला. अपडेटच्या कागदावर साहेबांनी लिहिलं होतं, ‘पाण्याच्या तपासणीत सुधारणा’.

सुधारणा! तो शब्द वाचून मला जी किळस आली, ती पुढं माझा राजीनामा लिहितानाही गेली नव्हती.