ग्रुपमधून गेलेले दहा दिवस

आई आम्हा तिघांकडे आळीपाळीने राहायची. महिनाभर मलकापूरला धाकट्या बहिणीकडे, महिनाभर मुरगूडला दादाकडे, मग कोल्हापुरात माझ्याकडे. तिला विसरायला व्हायचं, त्यामुळे गोळ्यांचं आमच्यावरच होतं. दादाने त्यासाठी मोबाईलवर ग्रुप काढला होता. डॉक्टरांनी काही बदललं की त्यात लिहायचं, चिठ्ठीचा फोटो टाकायचा. आम्ही तिघं आणि वहिनी, एवढीच माणसं. अॅडमिन एकटा दादा.

मलकापूरहून आई मुरगूडला गेली त्याला वीस दिवस झाले तेव्हा मी ग्रुपवर विचारलं, तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी नेणार? दादाने लिहिलं, "शेरात बसून हुकूम सोडायला काय जातंय?" मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी ग्रुपमधून बाहेर पडले. एवढ्यावर थांबले असते तर आधीचं सगळं बोलणं माझ्या फोनमध्ये तसंच राहिलं असतं. पण ते नुसतं दिसलं तरी अंगाची आग व्हायची, म्हणून मी अख्खा ग्रुप फोनमधून डिलीट केला.

बाहेर पडल्याचं फक्त अॅडमिनला कळतं. दादाला कळलं असणार. त्याने फोन केला नाही. मीही केला नाही.

दहा दिवसांनी महिना संपला. वहिनीच्या भावाच्या गाडीतून आई माझ्याकडे आली. पिशवीत चार पाकिटं होती. मी गोळ्या लिहून ठेवलेल्या माझ्या जुन्या वहीत बघून संध्याकाळची रक्तदाबाची गोळी काढली, पाणी आणलं. आई म्हणाली, "ही न्हाय घ्यायची."

"घ्यायची की गं. रोजची आहे."

"वैनी देत न्हाय आता."

आईचं खरं मानावं की नाही, हे मला कळेना. सकाळी जेवल्याचंही ती संध्याकाळपर्यंत विसरायची. मी गोळी परत पाकिटात ठेवली आणि दादाला फोन लावला.

"मला ग्रुपमध्ये परत घे," एवढंच म्हणाले.

त्याने लगेच घेतलं. मी उघडून पाहिलं. वर माझं नाव सामील झाल्याची एक ओळ, आणि खाली काहीच नाही. जुनं मीच पुसलं होतं. मधल्या दहा दिवसांचं तर माझ्या फोनवर कधी आलंच नव्हतं. विचारायला गेले, तर लिहायची जागाच नाही. तिथे लिहिलेलं, फक्त अॅडमिनच मेसेज पाठवू शकतात. मी पुन्हा फोन केला.

"दादा, काहीच दिसत नाही. जुनं सगळं परत आण."

"मी कुठनं आणू?"

"तू अॅडमिन आहेस ना?"

"अॅडमिन हाय म्हणून काय झालं? कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणी बोलायचं, एवढंच माझ्या हातात हाय. तू नव्हतीस तवाचं तुला दावायची सोय मला न्हाय. ज्याच्या त्याच्या फोनात ज्याचं त्याचं."

"मग मला लिहिता का येत नाही?"

"ते मी बंद केलतं. करतो चालू."

मी गोळीचं विचारलं. त्याला नक्की आठवेना, दवाखान्यात वहिनी गेली होती. त्याने फोन तिच्याकडे दिला.

"वन्सं, ती संध्याकाळची देऊ नका," वहिनी म्हणाली. "त्यांना चक्कर येत होती, डॉक्टरांनी बंद केलीय. थांबा, माझ्या फोनात सगळं हाय. पाठवते."

तिने एकेक मेसेज निवडून माझ्या नंबरवर पाठवला. चिठ्ठीचा फोटो, रक्तदाबाचे आकडे, डोळ्यांच्या डॉक्टरची तारीखही. मी ती तारीख दोनदा वाचली. दादाने मला न सांगता घेतली होती. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, बंद झालेल्या गोळीचं पाकीट वेगळं काढलं आणि आईला भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दादाने ग्रुपमध्ये सगळ्यांना लिहायची मुभा दिली आणि मलाही अॅडमिन केलं. बहिणीने लिहिलं, "अक्का आली का?" मी "हो" लिहिलं आणि आईचा सकाळचा रक्तदाब टाकला.

ग्रुपवरचं बोलणं दादाने का बंद केलं होतं, ते नंतर बहिणीच्या बोलण्यातून थोडं कळलं. मी गेल्यावर तिथे माझ्यावरून बरंच काही झालं होतं. एकदा मी वहिनीला म्हणाले, "त्या दहा दिवसांतलं बाकीचंही तुमच्या फोनात असेल ना?"

"औषधाचं सगळं पाठवलंय वन्सं," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारलं नाही.