चार ओळी, त्याच क्रमाने

आवाजाच्या बाबतीत मी घमेंडखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळपास तितकीच वर्षं आमच्या यात्रेत माईकवर बसलो. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, नदीकाठी ही यात्रा भरते. हरवलेली लेकरं, कुस्त्यांच्या वेळा, पाहुण्यांचं स्वागत, सगळं माझ्याच तोंडून. तेही साधं नाही, चांगलं फुलवून. लोक म्हणायचे, गुरुजी बोलले की यात्रा भरल्यासारखी वाटते. मग माणूस फुगणारच ना!

त्या वर्षी सकाळी बंदोबस्तावरच्या हवालदारबाई माझ्या मांडवात आल्या आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. काही अघटित घडलंच तर काय बोलायचं, त्याचा. चार ओळी होत्या. पहिलीत कोण बोलतंय, दुसरीत कुठे काय झालं, तिसरीत कोणी काय करायचं, चौथीत कोणत्या रस्त्याने जायचं. जागा, काय झालं ते आणि रस्ता तेवढं कोरं सोडलेलं. चार ओळी झाल्या की पाच आकडे मोजायचे आणि पुन्हा तेच. तेच शब्द, तोच क्रम, बाई थांबा म्हणेपर्यंत.

मी वरती 'सन्माननीय भाविक बंधू-भगिनींनो' असं लिहिलं. बाईंनी पेन घेऊन ते खोडलं.

"काऊन खोडलं?" मी तडकलोच.

"गुरुजी, लोकं भजे खाऊन राह्यले, पाळण्यात बसून राह्यले. तुमचे बंधू-भगिनी होईपर्यंत अर्धे लोकं कान काढून घेतात."

"मंग 'पळू नका' हे तरी लिहू द्या."

"ते तर बिलकुल नाही. गोंगाटात त्यातलं 'पळू' तेवढंच पोचते. 'सावकाश चाला' म्हणा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल आलेली बाई मला बोलायला शिकवते! पण बाईंनी काही मनावर घेतलं नाही. पाळणेवाले, मौत का कुआँवाले, देवळाचे भजनी, सगळ्यांना त्या एकेक करून सांगून आल्या होत्या: बाईंच्या तीन लांब शिट्ट्या ऐकू आल्या की आपापले भोंगे बंद. माईकचं मशीन त्यांनी जनरेटरवरून काढून बॅटरीवर लावायला लावलं. लाइट गेले तरी आवाज राहिला पाहिजे, म्हणाल्या. मी मान फिरवून बसलो.

आता जागा समजून घ्या. माझा मांडव देवळापाशी, यात्रेच्या एका टोकाला. समोर भज्या-जिलेबीच्या दुकानांची रांग, तिच्या पलीकडे बांगडीबाजार आणि त्याच्याही पलीकडे शाळेचा रस्ता. बांगडीबाजारातून माझ्याकडे यायचं तर भज्यांच्या रांगेतूनच यावं लागतं, दुसरी वाट नाही. दुपारी माझी बायको बांगड्या भरायला गेली. गुडघ्याने अधू आहे ती, सावकाश चालते. गर्दीत पडेल म्हणून मोबाईल माझ्याजवळ ठेवून गेली.

तीन-साडेतीनचा सुमार असेल. भज्यांच्या रांगेतला एक दुकानदार धापा टाकत मांडवात आला. त्याच्या सिलेंडरचं रेग्युलेटर निघालं होतं, व्हॉल्व्ह बंद होत नव्हता आणि गॅस सूं सूं करत बाहेर येत होता. आजूबाजूला दहा-बारा भट्ट्या धडधडत होत्या. बाई तिथेच होत्या. त्यांनी दोन शिपायांना भट्ट्या विझवायला पळवलं, मांडवाबाहेर उभ्या राहून तीन शिट्ट्या मारल्या आणि कागदातल्या कोऱ्या जागा उभ्या-उभ्या भरल्या. एकेक भोंगा गप्प झाला. एवढ्या गर्दीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी वाचलं: "लक्ष द्या. यात्रेच्या माईकवरून गुरुजी बोलतो आहे. भज्यांच्या रांगेत गॅस गळतो आहे. भज्यांची रांग आणि बांगडीबाजार, सगळ्यांनी बाहेर चला. शाळेच्या रस्त्याने चला, सावकाश चाला, लेकरांचा हात धरा."

पाच आकडे मोजले. पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा 'बांगडीबाजार' म्हणालो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. अरे, ही तिथेच आहे! अधू गुडघा, हातात मोबाईल नाही, एवढी गर्दी. तिसऱ्या फेरीला पहिली ओळ वाचली आणि पुढे माझ्या ओठांवर तिचं नाव आलं. 'असशील तिथून इकडे ये,' एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायका-लेकरांना नावानं हाका मारल्या, आज माझ्यावर वेळ आली तर एक हाक मारायची नाही?

बाईंनी माईकवर हात ठेवला. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं असावं.

"घरचं हाय का कोणी तिकडे?"

"बायको."

"नाव नोका घेऊ, गुरुजी. दुसऱ्या ओळीपासून वाचा."

मी त्यांच्याकडे जे पाहिलं, ते आज आठवलं तरी लाज वाटते. मनात म्हटलं, दगड आहे ही बाई. पण त्यांचं बोट कागदावर दुसऱ्या ओळीखाली होतं आणि ते हलत नव्हतं. मी वाचलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा, किती वेळा वाचलं ते बाईंनाच ठाऊक.

मांडवातून भज्यांच्या रांगेचं तोंड तेवढं दिसायचं. पहिल्या वेळी माणसं नुसती उभी राहून भोंग्याकडे पाहत होती. दुसऱ्या वेळी पिशव्या उचलू लागली. तिसऱ्या-चौथ्या वेळी पुढचं वाक्य आता त्यांनाही माहीत झालं होतं, आणि रांग शाळेकडे सरकू लागली. कोणी पळत नव्हतं. कोणाचा तरी "चाला ना बाप्पा, सावकाश" असा आवाज आला. मग बाईंनी बोलावून घेतलेल्या गॅस एजन्सीच्या माणसाने व्हॉल्व्हवर टोपी बसवली, सिलेंडर उघड्या नदीपात्रात नेऊन ठेवलं आणि बाई म्हणाल्या, "थांबा."

मी थांबलो तो उठून शाळेकडे पळालोच. माणसांना सावकाश चाला सांगणारा मी, धोतर सावरत पळत होतो!

शाळेच्या कट्ट्यावर ती बसली होती. एका हातात हिरव्या बांगड्या, दुसरा हात रिकामा. अर्ध्यावरच उठून आली होती. जीव भांड्यात पडला आणि लगेच माझा स्वभाव वर आला. म्हटलं, "इथं बसली व्हय! मी तिकडे मरून राह्यलो होतो. माईकवरून तुले हाक मारणार होतो मी."

"मंग काऊन नाही मारली?"

"त्या बाईनं मारू देली नाही."

ती म्हणाली, "बरं झालं. तुमी सगळ्यायले सांगून राह्यले होते, म्हून मी सगळ्यायसंगं आली. माहं नाव घेतलं असतं ना, तर मी तुमच्याकडेच आली असती."

माझ्याकडे म्हणजे भज्यांच्या रांगेतून. मी तिच्या शेजारी कट्ट्यावर बसलो आणि तिचा रिकामा हात धरून राहिलो.

बंदोबस्त उठायच्या आधी मी तिला घेऊन हवालदारबाईंकडे गेलो. आभाराचं भाषण मनात तयार होतं, चांगलं लांबलचक. बाईंसमोर उभा राहिलो आणि बायकोकडे बोट दाखवून एवढंच म्हणालो, "मॅडम, ही."