गुरुवारी पेरलेली मिरची

कडेगावच्या वाटेला बिरदेवची रोपवाटिका आहे. चार मजूर नाहीत की भलीमोठी पाटी नाही, पण त्याची रोपं घ्यायला माणसं लांबून येतात. घरातल्या घरात चालणारा धंदा! बापजाद्यांनी मेंढरं वळली, बिरदेवनं सातवीतनं शाळा सोडली ती त्या मेंढरांपायीच. म्हणून ट्रे मांडले त्याच दिवशी त्याची बायको राणी हिनं ठणकावून सांगितलं होतं, ‘‘पोरं रविवारी येतील, नऊ ते बारा. औषधाला हात लावणार न्हाईत. आन् अभ्यासाला धक्का लागला, तर पोरांचं पाऊल हितं पडायचं न्हाई.’’

बिरदेवलाही ते पटलं होतं. रविवारी नववीतली पल्लवी आणि सातवीतला विश्वजित दोघं मिळून काम करायची. विश्वजित बियांच्या पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचायचा, पल्लवी ते काडीवर लिहून लगेच ट्रेत खोवायची, मगच दुसरं पाकीट फुटायचं. पोरांना हौस, बापाला मदत, आणि बारा वाजले की पुस्तकं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

पण माणसाची बुद्धी फिरायला वेळ लागतोय व्हय? मिरजेला भाजी पाठवणाऱ्या दादासोंनी भज्याच्या मिरचीची रोपं सांगितली, तीही घाईनं. भज्याची म्हणजे लांब, जाड, तिखट नसलेली. त्याच वेळी दुसऱ्या कुणाची तिखट मिरचीही पेरायची होती. राणी लग्नाला कोरेगावला माहेरी गेलेली, विश्वजितही तिच्याबरोबर. गुरुवार होता. बिरदेवनं पल्लवीला शाळा बुडवून ट्रेपाशी बसवलं. शुक्रवारी तिची विज्ञानाची चाचणी होती. ती म्हणाली, ‘‘आप्पा, उद्या पेपर हाय.’’ हा म्हणाला, ‘‘आजच्या दिवस गं. आईला सांगू नगंस.’’

त्याला सवा महिना झाला. शुक्रवारी सकाळी दादासोंचा टेम्पो दारात उभा होता, ट्रे वर चढत होते, आणि पल्लवीनं बापाची बाही धरली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

‘‘आप्पा, ह्यो माल देऊ नगा.’’

‘‘का गं?’’

‘‘त्या दिवशी मी दोन्ही पाकिटं एकदम फोडली. डोक्यात पेपर घोळत हुता. काड्या मागनं खोवल्या, अंदाजानं. कुठली कुठं गेली, मला सांगता येत न्हाई.’’

बिरदेवनं वाकून रोपं पाहिली. या वयात दोन्ही मिरच्या सारख्याच हिरव्या, सारख्याच उंच. फळ धरेपर्यंत कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. कळेल तेव्हा दादासोंचा हंगाम मातीत गेलेला असेल, आणि तोवर बोट कुणाकडं दाखवायचं हेही उरणार नाही. गप्प बसलं तर आज काहीच बिघडत नव्हतं. राणी तर दारातच उभी होती.

‘‘काय रं बिरदेवा, थांबलास का?’’ दादासो वरनं ओरडले.

‘‘खाली उतरवा ट्रे.’’ त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. ‘‘ह्यात मिसळ हाय. भज्याची कुठली, तिखट कुठली, मला ठावं न्हाई.’’

‘‘आरं, रान तयार करून बसलोय मी! वाफे वाळत्याती! तुज्या नावावर इसवास ठेवला, त्येचं ह्ये फळ?’’ दादासो तापले. ‘‘कुणी पेरली?’’

‘‘मी,’’ पल्लवी पुढं झाली.

‘‘पोरींच्या हातात धंदा दिल्यावर दुसरं काय हुणार!’’

‘‘तिला बोलू नगा,’’ बिरदेव म्हणाला. मागं राणी उभी आहे हे त्याला नीट ठाऊक होतं. ‘‘रविवारी तिच्या हातनं एक काडी कवा चुकली न्हाई. ह्यी पेरणी गुरुवारची. पेपरच्या आदल्या दिवशी मी शाळा बुडवून बसवली तिला. घरात लपवून ठेवलं. चूक माजी.’’

दादासोंनी आणखी दोन शिव्या हासडल्या आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेले. बिरदेवनं उतरवलेले ट्रे एकेक करून आत नेले. राणीकडं बघायचं धाडस झालं नाही. ती बोलली असती तर बरं, असं त्याला झालं. दोन दिवस घरात भाकरी मिळाली, शब्द मिळाला नाही.

रविवार उजाडला. पल्लवी खोलीत पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हतं. आता आपल्याला तिकडं बोलावणार नाहीत, या धास्तीनं तिचे डोळे भरलेले. बिरदेव एकटाच ट्रे भरत होता. त्यानंही हाक मारली नाही, कुठल्या तोंडानं मारणार?

राणीच दारात आली. ‘‘पल्लवे, नऊ वाजलं. विश्वजितला घेऊन ये तिकडं.’’

बिरदेव चमकून वर बघू लागला. राणी त्याच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, ‘‘रविवारी येईल ती. गुरुवारी पुन्हा बोलवून बघा, मग ट्रे बी तुमचं आन् चूल बी तुमची.’’