शड्डू आणि चहा

राजारामपुरीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची गेम बनवणारी कंपनी होती. मालक धरून आम्ही सहाजण, आणि शत्रूंचे हल्ले रचायचं काम माझ्याकडं. शेवटचा शत्रू पैलवान असावा ही मालकांची हौस. प्रत्येक हल्ल्याआधी त्यानं शड्डू ठोकायचा, हाही त्यांचाच हुकूम.

"शड्डू ठोकल्याबिगर पैलवान लढतोय व्हय?" ते म्हणाले. मी मान डोलावली.

खेळून बघायला कॉलेजातली चार पोरं बोलावली. सगळी आडवी झाली आणि वैतागून उठली. त्यातली एक मुलगी म्हणाली, "मारणार हाय हे कळतंय, पण काय मारणार ते कळंना की. ह्यो रडीचा डाव हाय."

तिचं खरं होतं. पैलवान झेप घेणार असो की जमिनीवर दणका देणार असो, शड्डू तोच. शिवाय खेळाडू बाजूला सरला की गडी हवेतल्या हवेत वळून त्याच्यावरच पडायचा. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "पैसे लावणारे पावणं सोमवारी येणार. त्यांना आवडलं न्हाय तर लढाई बी जाईल आणि तुम्ही बी." मी घाबरलो, खोटं कशाला सांगू.

उपाय मालकांकडं बघूनच सुचला. चष्मा काढला की ते ओरडायचे, खुर्ची मागं सरकवली की टेबलावर हात आपटायचे. "बसा, चहा घ्या" असं हळू म्हणाले, की समोरच्याची नोकरी गेलेली असायची. प्रत्येक वाराची खूण वेगळी, म्हणून तर आम्ही इतकी वर्षं तग धरून होतो.

मग मी शड्डू फक्त लढाईच्या सुरुवातीला ठेवला. झेपेआधी पैलवान उजवा पाय मागं घासतो, धूळ उडते. दणक्याआधी दोन्ही हात वर जातात आणि हुंकार येतो. खूण दाखवायला पुरेसा वेळ दिला, पण वार मात्र जलद आणि जबर ठेवला. एकदा निघाला की त्याला वळता येत नाही, म्हणजे बाजूला उडी मारणारा वाचतो. नुसती खूण दाखवून भागत नाही, सुटायला वाटही लागते.

सोमवारी पाहुण्यांच्या देखत मालक स्वतः खेळले आणि सपाटून हरले. "हात वर केलेले दिसले होते की," ते म्हणाले. "चूक माझीच. परत लावा." पाहुणे हसले आणि तिथंच होकार देऊन गेले. मला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चष्मा डोळ्यांवर, खुर्ची जागेवर. मी निर्धास्त झालो.

"पैलवान झकास झालाय. पुढच्या गेममध्ये मारामारी न्हाय, नुसती कोडी हाईत," ते हळू आवाजात म्हणाले. "बसा, चहा घ्या."

खूण अगदी स्वच्छ दिसली. मी बसलो आणि चहा घेतला.