फोटोखालच्या ओळी आणि बदलीवाले काका

त्या ओळी मीच लिहिल्या होत्या, म्हणून दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

भंवरकुआं भागात एका दुमजली घरावर आमची कॉम्प्युटरची क्लास होती. चार मशिनी, एक एसी आणि शिकवायला मी. झाडू मारायलाही मीच, ते आणि कोणाला सांगणार. मालक सर नागपूरकडचे. त्यांनी पॅम्प्लेटसाठी मशिनींचा फोटो काढून आणला आणि म्हणाले, "याच्याखाली चार ओळी लिहून द्या. नोकरीची गॅरंटी घालायला विसरू नका. समोरचे सगळे घालतात."

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "सर, मागच्या बॅचच्या एका मुलाला नोकरी लागली नाही, त्याचे वडील काउंटरवर येऊन काय काय बोलून गेले, ते मी ऐकलंय. तुम्ही तेव्हा आतल्या खोलीत होता." सर फोटो उलटसुलट करून बघायला लागले. तेवढ्यात मी लिहून टाकलं. गाव हिंदीवाल्यांचं, म्हणून होतं हिंदीत, पण मजकूर असा:

"याच चार मशिनींवर शिकवतो. सहा महिने, रोज एक तास, एका मशिनीवर दोघं. कॉम्प्युटरची ओळख, डॉस, टायपिंग, पत्रं तयार करणं, हिशेबाचे तक्ते, शेवटी डाटाबेस. फी अठराशे: प्रवेशाला सहाशे, पुढे तीनशेचे चार हप्ते. प्रमाणपत्र आमच्या क्लासचं आहे, सरकारमान्य नाही. नोकरीची हमी आम्ही देत नाही. शिकलेलं हातात बसलं, तर अर्ज करताना उपयोग होईल."

पॅम्प्लेटं पेपरात घालून वाटली. मला वाटलं, आता चिटपाखरूही फिरकायचं नाही. तिसऱ्या दिवशी काका आले.

काका कापड मिलच्या विणाई खात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा वय पंचेचाळीस, मॅट्रिक पास. घर मूळचं महूचं, आजोबा फौजेत होते. आत येताना चपला जिन्यातच काढल्या, "जय भीम" म्हणाले आणि पॅम्प्लेट काउंटरवर सरळ करून ठेवलं. शेवटच्या तीन ओळींखाली पेनाने रेघ मारलेली होती.

"मॅडमजी, बाकी सब लोग गॅरंटी देतायत. तुम्हीच एक खरं लिहिलंय. माझं नाव लिहा."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. माझे स्वतःचे वडील दुसऱ्या एका मिलमधून घरी बसलेले. घर माझ्या पगारावर चालत होतं. आपण एका मिलवाल्याला तरी फसवलं नाही, या समाधानात मी त्यांची पावती फाडली.

काका सहा महिन्यांत एक दिवस चुकले नाहीत. दोन बोटांनी टाइप करायचे, पण करायचे ते अचूक. आयुष्यभर कापडातला तुटका धागा हुडकलेला डोळा तो. पोरांच्या तक्त्यातली चुकलेली बेरीज काकांना लांबून दिसायची. पोरं त्यांना "काका भिया" म्हणायची, भिया म्हणजे भाऊ, आणि काका हसायचे. लाइट गेली की बाकीचे खाली पोहे खायला पळायचे, हे मशिनीसमोर बसून वहीतल्या कमांडी पाठ करायचे. हप्ते वेळेवर. परीक्षेत पहिले आले. प्रमाणपत्र मीच त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कुलूप काढायला गेले, तर काका जिन्यात उभे. अनवाणी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्र.

"काही विसरलं का काका?"

"नाही जी. हाजिरी द्यायला आलो."

मला कळेना. बॅच भरली, सगळे बसले, तेव्हा काका म्हणाले, "आज सगळे आले. ठीक आहे, उद्या येतो." आणि चपला घालून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी चिडले. "काका, अर्ज करा ना! पेपरात जाहिराती येतात, तुकोगंजला इतकी ऑफिसं आहेत, तिथे जा."

"जाऊन आलो. वय बघतात आणि कागद परत देतात." मग मला समजावून सांगायला लागले, मीच विद्यार्थी असल्यासारखे. मिलमध्ये आधी बदली कार्ड मिळायचं. कार्ड म्हणजे नोकरी नव्हे, हमी काही नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचे. पण कार्डवाल्याने रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कार्डवाल्याला बोलवायचा आणि त्याच्या यंत्रमागावर उभं करायचा. काकांचे वडील असे सात वर्षं उभे होते, काका चार. मग दोघेही कायम झाले.

"तुम्ही तेच तर लिहिलंय, मॅडमजी. हमी नाही, पण उपयोग होईल. मी समजलो ना."

मी खूप सांगितलं. इथे बदली नसते, इथे गेट नाही, जॉबर नाही. काका मान हलवत म्हणत राहिले, मिलमध्येही नव्या माणसाला असंच सांगायचे. माझ्या खरेपणाचा मला इतका राग कधी आला नव्हता. गॅरंटी लिहिली असती, तर निदान माझ्याशी भांडून घरी तरी गेले असते. मी सरांना म्हटलं, तुम्ही सांगा. सर म्हणाले, "उभा राहतोय तर राहू द्या, आपलं काय जातंय?"

पावसाळा संपता संपता मला टायफॉइड झाला. पंधरा दिवस अंथरुणात. सोळाव्या दिवशी गेले, तर खोली झाडलेली, मशिनींवर कव्हरं नीट घातलेली, आणि माझ्या खुर्चीवर काका. फळ्यावर खडूने डाटाबेसचा धडा, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. मला पाहताच ते उठले. खुर्ची रुमालाने पुसली, हजेरीची वही माझ्या हातात दिली. "तुम्ही आलात. आता तुमची जागा." आणि जाऊन जिन्यात उभे राहिले. चेहऱ्यावर असा आनंद, की मला बघवेना. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

दुपारी सर सहज बोलल्यासारखे म्हणाले, "माणूस कामाचा आहे हो. रोजावर येतो, तुमच्या निम्म्या पैशात. पोरंही खूश होती."

तोंडाची फटकळ मी, पण त्या वेळी हजेरीची वही उघडून नावं पुकारायला लागले. घरी वडील खाटेवर पडून छताकडे बघत होते, आणि माझ्या पगाराशिवाय घरात दुसरा पैसा नव्हता.

त्यानंतर मी रजा घेतली नाही. मावसबहिणीच्या लग्नाला गेले नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या दिवशीही दोन बॅच घेऊन मग दवाखान्यात गेले. दीड वर्ष. आणि दीड वर्ष काका रोज सातला जिन्यात, अनवाणी, हातात तीच पिशवी. मी वर चढताना ते अंग चोरून वाट द्यायचे. त्यांच्याकडे न बघता कुलूप काढायला मी शिकले.

एका सकाळी अंगात ताप होता. कठडा धरून मी जिना चढले. कुलपाला किल्ली लागेना. काकांनी किल्ली माझ्या हातून घेतली, कुलूप काढलं, किल्ली परत दिली. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताप आहे का, मॅडमजी?"

मी म्हटलं, "नाही."

काका म्हणाले, "ठीक आहे. उद्या येतो."