उजळणीतली चूक

सोमवारी सर वारले. गुरुवारी त्यांचा अर्थशास्त्राचा तास मला मिळाला.

आमच्या बारामतीकडे तेव्हा कॉलेज नव्हतं. पणदऱ्याहून मी पुण्याला आलो, सरांच्याच हाताखाली शिकलो आणि त्याच कॉलेजात तात्पुरता लागलो. पहिल्या तासाला विभागप्रमुख शेवटच्या बाकावर येऊन बसले. मला ठेवायचं की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं.

सरांची एक रीत होती. मागच्या तासाची उजळणी करताना ते मुद्दाम एक चूक करायचे आणि वर्गाने पकडेपर्यंत थांबायचे. चूक सापडली, की तिथूनच नवा विषय सुरू व्हायचा. मला दुसरी सुरुवात माहीतच नव्हती.

हजेरीला निम्म्यांनी ओ दिली नाही. मी खडू उचलला.

"खडूबी तसाच धरलाय बघ," मागून कुणी म्हणालं.

"कार्बन कॉपी हाय. जरा फिकी."

मी उजळणी सुरू केली. "मागच्या तासाला आपण घटत्या उत्पादनाचा नियम पाहिला. जमीन तेवढीच ठेवून मजूर वाढवत गेलं, की एका टप्प्यानंतर प्रत्येक नव्या मजुराबरोबर शेताचं एकूण उत्पन्न घटतं."

आणि थांबलो.

चूक सगळ्यांना कळली होती. पुढच्या बाकावरच्या मुलाने हाताची घडी घातली. मागे प्रमुखांची मान खाली गेली. त्यांना सरांची रीत ठाऊक नव्हती. मी स्वतःच सुधारलं असतं तर निभावलं असतं. पण सर कधी सुधारत नसत, म्हणून मीही उभा राहिलो.

"थांबला का, सर? पुढचं येत न्हाय व्हय?"

थोडे हसले.

आमच्याच भागातल्या डाळज गावचा एक विद्यार्थी उठला. "एकूण घटतं असा नियम न्हाय. नव्या मजुरामागं जी भर पडती, ती घटती. आन् ही चूक आमच्या सरांची हाय. तुमी करू नका."

"बरोबर," मी म्हणालो. ते त्याच्या कुठल्या वाक्याला, ते मलाही सांगता आलं नसतं.

"चांगल्या जमिनीत भर घटत गेली, की माणूस हलक्या जमिनीकडे वळतो. तेवढ्याच कष्टात पणदऱ्याची पाटाची जमीन डाळजच्या जिराईत जमिनीपेक्षा जास्त देते. ते जास्तीचं कुणाचं? आजचा विषय खंड, म्हणजे जमिनीचं भाडं."

फळ्यावर 'खंड' लिहिलं. कुणी वही उघडली नाही.

तास संपल्यावर प्रमुख दारात म्हणाले, "वाचून येत जा."

वर्षाअखेर त्यांनी मला कायम केलं. आता माझी उजळणी बिनचूक असते. वर्ग ऐकून घेतो.