बंद न होणारा कॉम्प्युटर

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात मी दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. आमच्या एका मराठी डॉक्टरांचा विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर शटडाऊनला, म्हणजे बंद व्हायला, वीस मिनिटं घ्यायचा. डॉक्टरांनी निदान स्वतःच केलं होतं, व्हायरस. उपचारही सुरू होते: रोज संध्याकाळी कोट चढवून प्लग उपटणं.

मी मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त विंडोजच्या गरजेपुरत्या गोष्टींवर, चालू केलं. ते क्षणात बंद झालं, म्हणजे विंडोज निर्दोष होतं. मग विंडोजच्या सोडून बाकीच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, निम्म्या-निम्म्या बंद करत दर वेळी रीस्टार्ट केलं. पाचव्या फेरीत गुन्हेगार सापडला, स्कॅनरची सर्व्हिस.

"डॉक्टर, स्कॅनर कुठाय?"

"तो? दोन वर्षांपूर्वीच टाकून दिला."

बिचारी सर्व्हिस मात्र शटडाऊनच्या वेळी त्या स्कॅनरच्या उत्तराची निष्ठेने वाट बघत बसायची. मी तिला ड्रायव्हरसकट काढून टाकलं. कॉम्प्युटर पंधरा सेकंदांत बंद झाला.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, कोटाची बटणं लावली आणि समाधानाने म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, व्हायरसच होता!"

दोन डिग्र्या असलेल्या माणसाशी मी काय वाद घालणार? "हो डॉक्टर," म्हणालो.